पेसाहसाठी दोन अदार

यंदा, म्हणजे २०२६ साली, ज्यूंचा पेसाह (पासोव्हर) १ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला. पुढच्या वर्षी तो २१ एप्रिलला सुरू होईल. हनुकाचा पहिला दिवा यंदा ४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागेल आणि २०२७ मध्ये २४ डिसेंबरला. इंग्रजी कॅलेंडरवर हे सण पुढेमागे होताना दिसतात, पण ज्यूंच्या पंचांगात त्यांची तिथी ठरलेली आहे. पेसाह निसान महिन्याच्या १५ तारखेला आणि हनुका किस्लेवच्या २५ तारखेला. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून दोन्ही सणांची सुरुवात संध्याकाळी होते.

अधिक मास पाळणाऱ्या आपल्या वाचकांना यामागचे गणित परके वाटणार नाही. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. सौर वर्षाला त्याहून सुमारे अकरा दिवस जास्त लागतात. हा फरक तसाच सोडला, तर सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येत राहतात. रमजान ईद म्हणूनच कधी उन्हाळ्यात येते, तर कधी पावसाळ्यात. पेसाहला मात्र ही मोकळीक नाही. इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाली ती वसंतात, तेव्हा तो सण वसंतातच पाळावा, अशी तोराची आज्ञा आहे. शिवाय सणाच्या दुसऱ्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिरात नव्या जवाची पेंढी अर्पण करायची असे. जव तयार नसेल तर अर्पण काय करणार?

म्हणून जुन्या काळी अधिक महिन्याचा निर्णय गणितावर नव्हे, तर शेताकडे पाहून होई. सान्हेड्रिन या धर्मन्यायसभेचे जाणकार तीन गोष्टी पाहत: जव पिकले का, झाडांची फळे पुरेशी वाढली का आणि वसंतसंपात कधी येतो. यांतल्या दोन जरी मागे असल्या, तरी वर्षात एक महिना वाढवला जाई. रब्बान गमलिएल यांनी दूरच्या ज्यूंना पाठवलेल्या पत्राचा उल्लेख तालमूदमध्ये आहे. कोकरे अजून कोवळी आहेत, पक्ष्यांची पिल्ले लहान आहेत आणि धान्य तयार नाही, म्हणून वर्षात तीस दिवस वाढवले आहेत, असा त्याचा आशय.

हे तीस दिवस निसानच्या आधीच्या अदार महिन्यापाशी घातले जातात. त्या वर्षी दोन अदार येतात आणि पेसाह महिनाभर पुढे जातो. आपला अधिक मास कधी ज्येष्ठ, कधी श्रावण असा वेगवेगळ्या महिन्याला येतो. ज्यूंचा मात्र नेहमी अदारच, कारण सांभाळायचा आहे तो निसान. पुरीमचा सण अशा वर्षी दुसऱ्या अदारमध्ये साजरा होतो.

ज्यू जगभर पांगले आणि शेताची खबर सर्वांपर्यंत वेळेवर पोचेना. तेव्हा पंचांग गणिताने बांधले गेले. परंपरा त्याचे श्रेय चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिलेलला देते. १९ वर्षांच्या चक्रात ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही सात वर्षे तेरा महिन्यांची, असा तो नियम. हिशेब कुणालाही करता येतो. येत्या सप्टेंबरमध्ये ज्यू वर्ष ५७८७ सुरू होईल. त्याला १९ ने भागले की बाकी ११ उरते, म्हणजे हे अधिक महिन्याचे वर्ष. पहिला अदार २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल आणि म्हणून पेसाह वीस दिवस पुढे गेलेला दिसेल.

हनुकाला पिकाचे बंधन नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध करण्यात आले, त्याची ही आठवण. तरी तो पेसाहच्या मागोमाग सरकतो, कारण निसान ते किस्लेव या काळात अधिक महिना कधीच येत नाही. पेसाह उशिरा आला की त्याच वर्षीचा हनुकाही उशिरा येणार. २०२४ मध्ये पेसाह २२ एप्रिलला होता आणि हनुका थेट २५ डिसेंबरला. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठामुळे दिवाळी नोव्हेंबरपर्यंत पुढे गेली आहे. हनुका मात्र गेल्या वर्षीच्या १४ डिसेंबरवरून दहा दिवस अलीकडे आला आहे, कारण त्यांचा अधिक महिना अजून यायचा आहे. कोकणातून आलेल्या आपल्या मराठी बेने इस्राएल घरांत दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालतात.

या नियमात एक उणीव आहे. १९ सौर वर्षांपेक्षा चक्रातले २३५ चांद्र महिने सुमारे दोन तासांनी लांब भरतात. हे दोन तास साठत जातात आणि दोनशेहून थोड्या अधिक वर्षांत पेसाह ऋतूच्या मानाने एक दिवस उशिरा येऊ लागतो. २०२४ मध्ये तो वसंतसंपातानंतर महिन्याहूनही अधिक काळाने आला. पूर्वी वर्षाचा निर्णय सान्हेड्रिनच्या हाती होता. आज तशी सर्वमान्य सभा नाही, त्यामुळे चूक माहीत असूनही पंचांग जुन्याच नियमाने चालू आहे.