दहा मण्यांची माळ

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. साठी ओलांडल्यावर त्या अक्षरे शिकल्या. आता हळूहळू वाचतात, सहीही करतात. त्यांचा नातू साडेपाच वर्षांचा. अंगणवाडीत जातो, येत्या जूनमध्ये पहिलीत बसायचा.

एक दिवस संध्याकाळी वहिनी त्याला हाताशी धरून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला जरा बघा. बाप म्हणतोय, पोराच्या डोक्यात हिशेबच नाही. शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणतो. पण दहा रुपयांतले सात गेले, किती राहिले, विचारलं तर चुकतो. रोज चुकतो."

मी त्याला जवळ बसवले. विचारले, "बाळ, दहा व्हायला सहाला अजून किती पाहिजेत?"

त्याने बोटे मोडली आणि म्हणाला, "पाच."

"आणि सातला?"

"चार."

"आठला?"

"तीन."

तिन्ही उत्तरे चुकली. पण मंडळी, नीट पाहा. सहाला चार पाहिजेत, तो पाच म्हणाला. सातला तीन पाहिजेत, तो चार म्हणाला. आठला दोन पाहिजेत, तो तीन म्हणाला. दर वेळी एकच जास्त. ज्याच्या डोक्यात हिशेब नाही, त्याची चूक अशी एकसारखी येत नाही. म्हणजे पोरगा हिशेब करीत होता. फक्त एका जागी त्याचा पाय घसरत होता. ती जागा कोणती, हे आम्हांला एका माळेने दाखवले. ती माळ कशी करायची आणि कशी वापरायची, ते सांगतो.

माळ कशी करावी

मणी दहाच घ्यावेत. पाच लाल, पाच पांढरे. बैलाच्या गळ्यातल्या जुन्या माळेचे मोठे मणी चालतात. लाकडी मणी चालतात. कुंभाराकडून मातीचे मणी भाजून घेतले, पाच गेरूने रंगवले आणि पाच चुन्याने, तरी काम होते. मणी मोठ्या बोराएवढा असावा. आधी पाच लाल ओवा, मग पाच पांढरे.

दोन रंग का? चारापर्यंतच्या वस्तू आपल्या डोळ्याला न मोजता कळतात. पुढे मोजाव्या लागतात. दहाही मणी एका रंगाचे असले, तर मूल दर वेळी पहिल्यापासून मोजू लागते. पाचावर रंग बदलला, की सात म्हणजे सगळे लाल आणि दोन पांढरे, हे नुसते बघून कळते.

दोरी जाडसर घ्यावी. पायजम्याची नाडी उत्तम. मणी नाडीवर थोडे अडखळत सरकले पाहिजेत. ते सुळकन घसरले, तर लावलेली जोडी मोडते. दहा मणी साधारण एक वीत जागा घेतील. दोन टोकांच्या गाठींमध्ये दोन वीत नाडी ठेवा. म्हणजे मणी सरकवायला एक वीत मोकळी राहील.

दोन गोष्टी सांभाळा. गुंजांचे किंवा एरंडीच्या बियांचे मणी कधीही करू नका. त्या बिया विषारी असतात, आणि मूल वस्तू तोंडात घालते. दुसरे, घरात तीन वर्षांखालचे मूल असेल, तर काम झाल्यावर माळ उंच खुंटीला टांगा. मणी घशात अडकतो. मोठ्या मुलालाही ही माळ गळ्यात घालू देऊ नका.

आधी एक परीक्षा

मुलाला मणी बोटाने दाखवत मोजायला सांगा. दहापर्यंत आले, की विचारा, "किती मणी?" तो "दहा" म्हणाला, म्हणजे ठीक. पण पुन्हा "एक, दोन, तीन" सुरू केले, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे त्याला अजून कळलेले नाही. अशा मुलाला जोड्या शिकवू नका. काही आठवडे चार-पाच वस्तूच मोजू द्या. शेंगा मोजू द्या, भाकऱ्या मोजू द्या.

जोड्या लावणे

माळ जमिनीवर सरळ ठेवा. तुम्ही मुलाच्या शेजारी बसा, समोर बसू नका. समोर बसलात, तर तुमचा डावा हात तो त्याचा उजवा होतो, आणि पोर गोंधळते.

एक मणी डावीकडे सरकवा. मध्ये चार बोटे जागा सोडा. म्हणा, "इकडे एक, तिकडे नऊ. एक नि नऊ, दहा." मुलालाही म्हणू द्या. मग आणखी एक मणी सरकवा. "दोन नि आठ, दहा." इकडे एक वाढला, की तिकडे एक कमी होतो. नवा मणी कुठून आला नाही, कुठे गेला नाही. हे त्याच्या बोटांना कळू द्या.

तीन आणि सातवर आलात, की माळ तशीच उचलून टोकाकडून टोकाकडे फिरवा. आता तीच माळ सात आणि तीन झाली. म्हणून पाठ करायच्या जोड्या फार नाहीत. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा आणि पाच-पाच. पाचच जोड्या. बाकीच्या ह्याच, उलट बाजूने पाहिलेल्या.

इथे एक चूक पुष्कळ मुले करतात. डावीकडचे तीन मोजतात, आणि उजवीकडचे मोजताना थांबत नाहीत. "चार, पाच, सहा" करीत दहापर्यंत जातात आणि सांगतात, "तिकडे दहा." तसे झाले, तर डावा भाग पदराखाली झाका आणि उजवा भाग एकटा मोजायला सांगा.

मूठ झाकण्याचा खेळ

चार-पाच दिवसांनी मूठ झाका. सहा मणी दिसू द्या, बाकीचे मुठीत धरा. विचारा, "माझ्या मुठीत किती?" मुलाने सांगितले, की मूठ उघडा. खरे-खोटे तुम्ही सांगू नका, मणी सांगतील.

आमच्या बाळाची चूक इथेच सापडली. सहा मणी उघडे होते, मूठ झाकलेली होती. तो बोटे मोडत पुटपुटला, "सहा, सात, आठ, नऊ, दहा." पाच बोटे झाली. म्हणाला, "पाच." मूठ उघडली, तर चार मणी. पोरगा माझ्या तोंडाकडे बघू लागला.

वहिनी जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, सहावा तर बाहेरच आहे. त्याला परत का मोजलास?"

अगदी खरे. जो सहावा मणी आधीच बाहेर दिसत होता, त्यालाच तो मुठीतला पहिला धरीत होता. म्हणून दर वेळी एक जास्त. मी इतकी वर्षे शाळेत होतो. असे एक जास्त सांगणारी किती तरी मुले मी "चूक" म्हणून खाली बसवली. त्यांनी बोटे कुठून मोजली, हे मी कधी ऐकले नाही.

उपाय सोपा आहे. मुलाचे बोट सहाव्या मण्यावर ठेवा आणि म्हणा, "हा सहावा, हा इथे आहे." मग बोट मोकळ्या जागेवरून पलीकडे न्या. तिथे गेल्यावरच पहिले बोट मोडायचे, "सात." बाळाला हे आठ दिवस करावे लागले. पाचव्या दिवशी तो पुन्हा चुकला. पण चुकल्यावर स्वतःच म्हणाला, "थांबा, सहावा बाहेर आहे."

रोज दहा मिनिटे पुरेत. मूल कंटाळले, की माळ खुंटीला.

जोड्यांचा कागद

जोड्या जमल्या का, हे पाहायला एक कागद करावा. डाव्या रांगेत वरून खाली हे आकडे लिहा: ३, ५, १, ४, २. उजव्या रांगेत वरून खाली हे लिहा: ९, ८, ३, ५, ७, ६. मुलाला आकडे वाचता येत नसतील, तर आकड्याच्या जागी तितके ठिपके काढा. मग सांगा, "दोन्ही मिळून दहा होतील, अशा जोडीला रेघ जोड." माळ शेजारी असू द्या. पाहिजे तर त्याने बघावे.

बरोबर रेघा अशा: ३ आणि ७, ५ आणि ५, १ आणि ९, ४ आणि ६, २ आणि ८. उजवीकडचा ३ उरतो.

तो उरलेला ३ मुद्दाम ठेवला आहे. दोन्हीकडे पाच-पाचच आकडे असते, तर शेवटची रेघ न समजताही बरोबर आली असती, कारण दुसरे काही उरतच नाही. शिवाय काही मुले नुसती सारखे आकडे जोडतात. त्यांची ५ आणि ५ ही रेघ बरोबर दिसते, आणि आपण फसतो. पण त्यांनी ३ ला ३ जोडला, की कळते.

मूल आडव्या सरळ रेघा मारीत गेले, तर त्याला काय करायचे तेच समजलेले नाही. आणि ३ ला ८, ४ ला ७, २ ला ९, ५ ला ६ अशा रेघा आल्या, तर ती आमच्या बाळाची चूक. एक जास्त. अशा मुलाला रागावू नका, पुन्हा मूठ झाका.

पुढे काय

पहिलीत आठ आणि पाच मिळवायची वेळ येते. ज्याला आठाची जोडी माहीत आहे, तो पाचातले दोन आठाला देतो. दहा झाले. उरले तीन. तेरा. ज्याला माहीत नाही, तो बोटे मोडत बसतो आणि बोटे दहालाच संपतात.

आपल्या भाषेत आणखी एक अडचण आहे. अकरा, बारा, तेरा ह्या नावांत लहान मुलाला "दहा" ऐकू येत नाही. तेरा म्हणजे दहा आणि तीन, हे त्याला डोळ्यांनीच पाहावे लागते. दुसरी दहा मण्यांची माळ करा. पहिली पूर्ण ठेवा, तिच्याखाली दुसरीचे तीन मणी सरकवा. झाले तेरा. पण हे पहिलीत गेल्यावर. त्याआधी दहाच पुरेत. आकडे लिहायला ही माळ शिकवीत नाही, ते काम पाटीचे.

परवा बाळाला त्याच्या बापाने दुकानात पाठवले. हाती दहाची नोट होती, सात रुपयांची काडेपेटी आणि गोळ्या आणायच्या होत्या. पोरगा परत आला. बापाच्या हातावर नाणी ठेवून म्हणाला, "दुकानदारानं दोनच दिले. सातला तीन लागतात. मी एक मागून घेतला."

वहिनींनी मला हे सांगितले. मी विचारले, "मग बाप काय म्हणाला?"

त्या म्हणाल्या, "काही नाही. खुंटीवरची माळ काढली आणि स्वतःच मोजत बसला."