सात तारखेची कपात

सकाळी 10. आज 7 नोव्हेंबर 2025. ऑक्टोबरमध्ये कापलेला टीडीएस आज सरकारजमा झाला पाहिजे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी बघते. मालक एकटेच आहेत, भागीदारी नाही. कंपनी किंवा भागीदारी फर्म असती, तर उलाढाल कितीही असो, कपात करावीच लागली असती. एकट्या मालकाला ती केव्हा लागू होते? आदल्या आर्थिक वर्षात धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या वर गेली असेल तेव्हा. आमची गेल्या वर्षी 1 कोटी 40 लाख होती, म्हणून यंदा लागू. हीच उलाढाल यंदा पहिल्यांदा 1 कोटी ओलांडत असती, तर कपात पुढच्या वर्षापासून.

10.30. डाईंगवाल्यांचं खातं उघडलं. सूत आमचं, ते रंगवून परत देतात. म्हणजे ही मजुरी, आणि कलम 194सी खाली कपात. त्यांनीच दुसरीकडून सूत घेऊन रंगवून विकलं असतं, तर ती साधी खरेदी ठरली असती आणि या कलमाखाली काहीच कापावं लागलं नसतं. बिलावर नुसतं ‘रंगीत सूत’ लिहिलेलं असतं, म्हणून मी प्रत्येक वेळी चलनावर बघते की सूत कोणाकडून गेलं.

एप्रिलपासून त्यांची चार बिलं झाली, प्रत्येकी 24,000, एकूण 96,000. एकही बिल 30,000 च्या वर नाही आणि बेरीज 1 लाखाच्या आत, म्हणून तोवर कपात नव्हती. 18 ऑक्टोबरला पाचवं बिल आलं, 26,000 चं. बेरीज झाली 1,22,000. मर्यादा ओलांडली की मर्यादेवरच्या रकमेवर नव्हे, तर वर्षाच्या सगळ्या रकमेवर कापायचं. डाईंगवाले एकटे मालक, पॅन दिलेला, म्हणून 1 टक्का, म्हणजे 1,220. कंपनी किंवा फर्म असती तर 2 टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला आहे, 1,300, त्यावर कपात नाही. म्हणून त्यांना द्यायचे 27,300 वजा 1,220, म्हणजे 26,080.

11.30. मालक आले. “मॅडम, डाईंगवाल्या अण्णांना पैसे तर अजून दिलेच नाहीत. मग कपात कशाची?”

हा प्रश्न दर महिन्याला कुठे ना कुठे ऐकू येतो, आणि दंडाचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. मी त्यांना वही दाखवली. बिल 18 ऑक्टोबरला खात्यात जमा धरलं, त्याच दिवशी कपात झाली. खात्यात जमा आणि प्रत्यक्ष पैसे, यातलं जे आधी, ती कपातीची तारीख. चेक डिसेंबरात दिला तरी सात नोव्हेंबर चुकत नाही. उद्या भरलं तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन्ही महिने धरून दरमहा दीड टक्का, म्हणजे 3 टक्के व्याज. कापलंच नाही, तर दरमहा 1 टक्का व्याज, आणि त्या मजुरीच्या खर्चातला 30 टक्के भाग नफ्यातून वजा करता येत नाही. आमच्या बाबतीत 1,22,000 चे 36,600. व्याजापेक्षा हीच गोष्ट मालकांच्या लक्षात राहिली.

12.30. विणकाम मजुरीचं 34,000 चं बिल आलं. एकच बिल 30,000 च्या वर, म्हणून बेरजेची वाट बघायची नाही. पॅन मात्र नव्हता. पॅन नसेल तर 20 टक्के, म्हणजे 340 ऐवजी 6,800. फोन केला, तासाभरात पॅन आला. तो चालू आहे का हे पोर्टलवर बघितलं आणि मगच नोंद केली. ही रक्कम डिसेंबरच्या सात तारखेच्या चलनात जाईल.

दुपारी 3. गोदामाचं भाडं 60,000, दोघा भावांच्या नावावर, करारात निम्मा निम्मा वाटा लिहिलेला. चेक वेगवेगळे, 30,000 चे. गेल्या मार्चपर्यंत मर्यादा वर्षाला 2,40,000 होती. प्रत्येक भावाला 3,60,000 जात, म्हणून दरमहा 10 टक्के, म्हणजे 3,000 कापत होतो. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा महिन्याला 50,000 झाली, आणि ती प्रत्येक भावाला वेगळी मोजायची. आता कपात नाही. गोदाम एकाच भावाचं असतं तर 6,000 कापावे लागले असते. वाटा करारात स्पष्ट नसेल, तर वाद होतो, म्हणून कराराची प्रत फाइलला जोडून ठेवली आहे.

4.00. पोर्टलवर `e-Pay Tax`, टॅन, चलान 281, कलम निवडलं, 1,220 भरले. पावतीवरचा बीएसआर कोड, चलान क्रमांक आणि तारीख लिहून घेतली. तिमाही विवरणपत्र `26Q` मध्ये हे तिन्ही तंतोतंत लागतात. एक आकडा चुकला की चलान जुळत नाही. एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होईल आणि ही कलमं 393 मध्ये एकत्र येतील, तेव्हा टॅलीतली कलमांची नावं बदलावी लागतील.

5.30. डाईंगवाले अण्णा बिलाची चौकशी करायला आले. “1,220 कमी कसे?” त्यांना सांगितलं, पैसे तुमच्याच पॅनवर जमा आहेत. तिसऱ्या तिमाहीचं विवरणपत्र 31 जानेवारीपर्यंत आम्ही भरू, मग ते तुमच्या `26AS` मध्ये दिसतील, आणि 15 फेब्रुवारीपर्यंत फॉर्म 16ए हातात मिळेल. तुमचा कर कमी निघाला, तर विवरण भरून ते परत मागा.