किमान बिलाची मेख

भाड्याच्या झेरॉक्स मशीनचा करार करताना सगळे पानामागचा दर घासून घेतात. खरा पैसा जातो तो 'किमान मासिक बिला'त.

एका करसल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. दर पानाला 60 पैसे, महिन्याला किमान 3,000 पाने. म्हणजे मशीन बंद राहिले तरी 1,800 रुपये द्यायचेच. मे महिन्यात 1,400 पाने निघाली, तेव्हा पान पडले सुमारे 1 रुपया 29 पैशांना. जूनमध्ये 2,400 पाने, बिल तेच. जुलैत विवरणपत्रांची गर्दी, 5,200 पाने, बिल 3,120 रुपये. तीन महिन्यांचे मिळून 6,720 रुपये झाले, जीएसटी वेगळा. वास्तविक पाने बरोबर 9,000 होती. किमान आकडा तिमाहीवर धरला असता तर 5,400 रुपयांतच भागले असते. म्हणून दर पाच पैशांनी कमी करून घेण्यापेक्षा तिमाही हिशेब मागणे मला जास्त मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट मीटरची. दुरुस्तीला आलेला मेकॅनिक चाचणीसाठी पाने काढतो, तीही मीटरवर चढतात. त्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर आधीचे आणि नंतरचे रीडिंग लिहून घेतले, तरच ती वजा करून मागता येतात. ए-थ्री पान अनेक करारांत दोन पाने धरले जाते, हेही विचारा. टोनर आणि ड्रम बहुधा दरात येतात, कागद मात्र तुमचाच.

सही करण्याआधी 'तिमाही समायोजन' हे दोन शब्द करारात लिहून घ्या.