तोट्यातले शंकरपाळे बंद करावेत का?

समजा, एका फराळाच्या कारखान्यात चकली, शेव आणि शंकरपाळे बनतात. भाडे आणि पगार मिळून महिन्याचा ६०,००० रुपये स्थिर खर्च तिन्हींवर सारखा वाटला जातो. शंकरपाळे ३०० किलो खपतात. भाव किलोला २०० रुपये, तर मैदा, साखर, तेल, गॅस, पिशवी असा बदलता खर्च १५० रुपये. म्हणजे किलोमागे ५० प्रमाणे १५,००० रुपये उरतात. त्यातून वाट्याचे २०,००० वजा केले की वहीत ५,००० चा तोटा दिसतो.

मालक म्हणतो, "बंदच करू." पण शंकरपाळे थांबले तरी भाडे आणि पगार थांबत नाहीत. त्यांचा भार चकली-शेवेवर पडतो आणि एकूण नफा १५,००० ने घटतो.

याच हिशेबाने लग्नघराची १७० रुपयांची मोठी ऑर्डर घ्यावी, कारण किलोमागे २० रुपये सुटतात. मात्र कढई रिकामी हवी आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाने तोच भाव मागता कामा नये. बाहेरून तयार माल १६० ला मिळाला, तरी घरचा १५० चाच स्वस्त.

त्याच कढईत चकली तळून महिन्याला १५,००० हून जास्त सुटत असतील, किंवा बंद केल्याने तेवढा पगार खरोखर वाचत असेल, तर मात्र शंकरपाळे थांबवावेत. निर्णयाआधी एकच तपासा: बंद केल्यावर नेमका कोणता खर्च थांबणार आहे?