फ्लॅट पसंत पडला? "घेतो" म्हणण्याआधी विचारा, ब्रोकरेज कोण देणार

समजा, जुळे सोलापुरात एजंट तुम्हाला टू बीएचके दाखवतोय. तुम्ही नळ सोडून बघता, पाणी किती दिवसाआड येतं ते विचारता (सोलापुरात हा प्रश्न कुणाला शिकवावा लागत नाही), वरची टाकी, पार्किंग, लाइटचं मीटर, सगळं बघून होतं. वहिनींनाही किचन आवडतं. तुम्ही म्हणता, "ठीक आहे, घेतो," आणि तिथल्या तिथे दोन हजार टोकन पाठवून मोकळे होता. मग जिना उतरताना एजंट सहज म्हणतो, "आपलं एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज असतं बरं का साहेब. ॲग्रीमेंटचा खर्च वेगळा."

आता तुम्ही काय करणार? टोकन गेलंय, घरी सगळ्यांना सांगून झालंय, जुन्या घरमालकाला नोटीस दिलीय. भाव करायची ताकद पाच मिनिटांपूर्वी तुमच्याकडे होती, आता नाही. व्हिडिओत हा भाग भरभर झाला, म्हणून इथे जरा सावकाश बघू.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, "सर, कायद्याने ब्रोकरेज कुणी द्यायचं?" भाड्याच्या घरासाठी ते मालकाने द्यावं की भाडेकरूने, आणि किती द्यावं, हे ठरवून देणारा नियम आपल्याकडे नाही. जे चालतं तो रिवाज. कुठे भाडेकरू एक महिन्याचं भाडं देतो, कुठे दोघं अर्धं-अर्धं, कुठे एजंट दोन्हीकडून पूर्ण घेतो. "सगळीकडे हाच रेट आहे" असं एजंट म्हणतो तेव्हा तो बाजाराचा रिवाज सांगत असतो, कायदा नाही. आणि रिवाजावर बोलता येतं.

काही एजंट महारेराचा नोंदणी क्रमांक दाखवतात. चांगली गोष्ट आहे, पण तो कायदा फ्लॅट आणि प्लॉटच्या विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. भाड्याच्या ब्रोकरेजचा दर त्यातून ठरत नाही. त्यामुळे कार्डावर नंबर आहे म्हणजे मागितलेली रक्कम सरकारी आहे, असं समजू नका.

मग कशाच्या आधारावर ठरतं? भारतीय करार कायदा, १८७२. त्यातली दोन कलमं आपल्या कामाची आहेत आणि गंमत म्हणजे एक तुमच्या बाजूने आहे, एक एजंटच्या. कलम २१९ सांगतं की वेगळा करार नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. म्हणजे नुसता फ्लॅट दाखवला, टोकन घेतलं, एवढ्याने ब्रोकरेज देणं लागत नाही. व्यवहार पार पडायला हवा. दुसरं कलम ७०. कुणी तुमच्यासाठी रीतसर काम केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि त्या कामाचा फायदा तुम्ही घेतलात, तर त्याची भरपाई द्यावी लागते. म्हणून "ब्रोकरेजचं काही बोलणंच झालं नव्हतं, मग देऊ कशाला?" हा युक्तिवाद वाटतो तितका पक्का नाही. एजंटने दाखवलेल्या फ्लॅटच्या मालकाला परस्पर फोन करून व्यवहार उरकणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

थोडक्यात, गप्प राहिलात तर रक्कम शून्य ठरत नाही आणि एक महिन्याचं भाडंही आपोआप ठरत नाही. ती भांडणात ठरते.

बाहेरच्या देशांत हे भांडण कायद्याने मिटवायचा प्रयत्न झालाय. जर्मनीत २०१५ पासून नियम आहे की ज्याने एजंटला काम सांगितलं, पैसे त्याने द्यायचे. न्यूयॉर्क शहरात असाच नियम जून २०२५ मध्ये लागू झाला. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी त्यामागचा प्रश्न उचलण्यासारखा आहे: या एजंटला बोलावलं कुणी? मालकाने फ्लॅट त्याच्याकडे "भाड्याने लावून दे" म्हणून सोपवला असेल आणि तुम्ही फक्त बोर्ड बघून फोन केला असेल, तर एजंट मुळात मालकाचं काम करतोय. तिथे तुम्ही हक्काने म्हणू शकता, "अण्णा, काम मालकांचं आहे, निम्मं त्यांच्याकडून घ्या." याउलट तुम्हीच त्याला "मला शाळेजवळ, तळमजल्यावर, नऊ हजारांच्या आत बघा" असं सांगून चार दिवस फिरवलं असेल, तर तो तुमच्यासाठी राबलाय. तिथे पूर्ण ब्रोकरेज मागितलं तर तक्रारीला फारशी जागा नाही.

आता आकडे बघू. ब्रोकरेज ही किरकोळ "वरची" रक्कम वाटते, पण ती भाड्यातच मोजायला हवी.

समजा, एजंटने दाखवलेल्या फ्लॅटचं भाडं ९,००० रुपये आहे, ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं, ब्रोकरेज एक महिना. त्याच भागात एका मालकाचा तसाच फ्लॅट थेट मिळतोय, भाडं ९,५००. बघताक्षणी पहिला स्वस्त. पण ११ महिन्यांचा हिशेब करा. पहिल्यात ११ महिन्यांचं भाडं ९९,००० आणि ब्रोकरेज ९,०००, एकूण १,०८,०००. दुसऱ्यात १,०४,५००. "स्वस्त" फ्लॅट साडेतीन हजारांनी महाग पडला. एजंट अर्ध्या महिन्यावर, म्हणजे ४,५०० वर आला, तर एकूण १,०३,५०० होतात आणि तोच फ्लॅट हजार रुपयांनी स्वस्त होतो. म्हणजे त्या एका वाक्याच्या बोलण्यावर कुठला फ्लॅट घ्यायचा हेच फिरतं. हा प्रश्न टोकननंतर विचारून उपयोग नाही, तो इथे आहे.

अजून एक ठिकाण आहे जिथे बरेच जण फसतात: ११ महिन्यांनंतरचं रिन्यूअल. वरच्याच फ्लॅटमध्ये तुम्ही २२ महिने राहिलात, भाडं तेच राहिलं आणि पुन्हा ब्रोकरेज लागलं नाही, तर एकूण २,०७,००० जातात. थेट मालकाच्या फ्लॅटमध्ये २,०९,०००. एजंटवाला फ्लॅट परवडला. पण रिन्यूअलला अर्धा महिना मागितला, तर २,११,५०० होतात आणि हिशेब परत उलटा. रिन्यूअलच्या वेळी एजंट नवा भाडेकरू शोधत नाही, फ्लॅट दाखवत नाही. तो नवीन ॲग्रीमेंट करून देणार असेल तर त्या कामाचे पैसे घ्यावेत, पण त्याला ब्रोकरेज म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हे पहिल्याच दिवशी बोलायचं.

ॲग्रीमेंटचा खर्चही असाच वेगळा काढून विचारा, कारण तो ब्रोकरेजमध्ये गुंडाळून सांगितला जातो. लिव्ह अँड लायसन्सवर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेवर मोजतात. आपल्या उदाहरणात डिपॉझिट ३०,००० धरलं तर भाडं ९९,००० आणि व्याज २,७५०, मिळून १,०१,७५०. त्याचं शुल्क अडीचशेच्या थोडं वर येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे मागितलं जातं ती घरी येऊन अंगठा घेण्याची, टायपिंगची, धावपळीची मजुरी. ती द्यायला हरकत नाही, पण कशाचे किती ते कळू द्या. आणि हो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्च कुणी किती उचलायचा हे मात्र आपापसांत ठरतं.

एजंटने ब्रोकरेजवर १८ टक्के जीएसटी लावला, तर त्याचा जीएसटी नंबर आणि त्या नंबरचं बिल मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी वसूल करता येत नाही. नंबर नसेल तर ती १८ टक्क्यांची ओळ खोडायला सांगायची.

विचारायचं कसं, यावर लोक अडतात. एजंट नाराज होईल, फ्लॅट दुसऱ्याला देईल, अशी भीती वाटते. फोनवर साधं बोला, "दादा, फ्लॅट बघायला येतो, पण आधी तुमचं कमिशन सांगा. मालकांकडून पण घेता का?" तो चांगला एजंट असेल तर लगेच आकडा सांगेल. "ते बघू नंतर, तुमच्याकडून काय जास्त घेणार आहे का!" असं उत्तर आलं, तर तो आकडा फ्लॅट किती आवडला हे तुमच्या चेहऱ्यावरून ठरणार आहे असं समजा.

फ्लॅट बघून झाल्यावर, टोकनच्या आधी, व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका. असा काहीसा:

"नमस्कार दादा. आज दाखवलेला फ्लॅट पसंत आहे. भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००. तुमचं ब्रोकरेज माझ्याकडून ४,५००, एकदाच, ॲग्रीमेंट नोंदवून चावी मिळाल्यावर. रिन्यूअलला ब्रोकरेज नाही. टोकन २,००० डिपॉझिटमध्ये धरायचं. मालकांनी नकार दिला तर टोकन पूर्ण परत, मी नकार दिला तर टोकन सोडतो. बरोबर असेल तर ओके कळवा. मग टोकन पाठवतो."

त्याचं "ओके" आलं की टोकन पाठवा, आणि शक्यतो थेट मालकाच्या खात्यावर. एजंटच्या खात्यावर पाठवायचं असेल तर व्यवहाराच्या शेऱ्यात "फ्लॅट टोकन" लिहा. नाहीतर व्यवहार फिस्कटला की "ते माझ्या फिरण्याचे पैसे होते" असं ऐकावं लागतं. आणि मालकाला एकदा तरी स्वतः फोन करून भाडं, डिपॉझिट तेच आहे ना, हे विचारा. एजंटने मधे पाचशे चढवलेत का ते तिथेच कळतं.

एवढं करूनही एजंट ठरलेल्यापेक्षा जास्त मागून चावी अडवत असेल, तर मालकाला तो मेसेज पुढे पाठवा. चावी मालकाची असते आणि बहुतेक मालकांना पहिल्या दिवशी वाद नको असतो. पैसे आधीच दिले असतील आणि परत मिळत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे तक्रार दाखल करायला फी लागत नाही. पण तिथे पहिली गोष्ट विचारतील ती हीच, ठरलं काय होतं आणि ते कुठे लिहिलंय.

हे वाचणाऱ्यांत काही जण स्वतः इस्टेट एजंट आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्लॅटचे फोटो पाठवता त्याच मेसेजमध्ये शेवटी लिहा: "ब्रोकरेज: भाडेकरूकडून इतके, मालकाकडून इतके, चावी दिल्यावर." ज्याला परवडत नाही तो फ्लॅट बघायलाच येणार नाही. तुमचं पेट्रोल आणि दुपार, दोन्ही वाचेल.