वारस नोंदीची पोच

वडील गेले की शेतजमिनीवर वारसांची नावे लावायला तलाठ्याकडे अर्ज जातो. गावातली ओळख, त्यामुळे कागद टेबलावर ठेवून ‘बघा भाऊसाहेब जरा’ म्हणत माणूस परत येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला तोंडी किंवा लेखी कळवायचे असते. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही: तलाठ्याने त्याची लेखी पोच लगेच द्यायची.

समजा, मार्चमध्ये अर्ज दिला. जुलैमध्ये सातबारा काढला तर वडिलांचेच नाव. तलाठी मधल्या काळात बदलून गेले, नवे म्हणतात, ‘असा अर्ज माझ्याकडे नाही.’ हातात पोच नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तीन महिने उलटल्याचा प्रश्न वेगळाच. पोच असेल तर बोलणे वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. आवक क्रमांक आणि तारीख दाखवून नोंदवहीतली ती ओळ काढायला सांगता येते. तरीही दाद लागली नाही, तर माहिती अधिकारात ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्या’ असा अर्ज करावा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. नेमका क्रमांक दिला की ‘माहिती आढळत नाही’ असे मोघम उत्तर देणे जड जाते.

म्हणून अर्ज दोन प्रतींत न्यावा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही आणि सहीखाली पदनाम हवे. नुसत्या गिरगटलेल्या सहीवरून ती कोणाची हे पुढे सांगता येत नाही. सोबत जोडलेले कागद, म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, अर्जाच्या खालीच लिहावेत. मग ‘तुमचे कागद अपुरे होते’ याला जागा उरत नाही. ई-हक्कवरून अर्ज भरला तर मिळालेला अर्ज क्रमांक लिहून ठेवावाच. सेवा केंद्रातून मिळालेली छोटी चकचकीत पावती काही महिन्यांत कोरी होते, तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.

इथे गल्लत होते ती क्रमांकांची. अर्जाचा क्रमांक म्हणजे फेरफार क्रमांक नव्हे. नोंद गाव नमुना 6 मध्ये घेतली की तिला फेरफार क्रमांक पडतो आणि हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतात. फेरफार क्रमांक पडला की तो अर्जाच्या पोचीवरच लिहावा आणि पुढची चौकशी त्यावरून करावी. ‘आपली चावडी’वर गाव निवडून त्याची स्थिती पाहता येते.

पोचीने सिद्ध होते ते एवढेच, की अर्ज त्या तारखेला पोचला. हिस्सा कोणाचा किती, हे त्यातून ठरत नाही. एखाद्या बहिणीचे नावच वगळले असेल, तर तिने हरकत नोंदवावी. ती तोंडी असली तरी विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि कलम 150 प्रमाणे त्या हरकतीचीही लेखी पोच तलाठ्याने तिला लगेच द्यायची असते.