तेल गेले की दाब गेला?

एअरबस ए-३२० जातीच्या विमानात पंखांच्या आसपास बसलेल्या प्रवाशांना इंजिने सुरू होताना पायाखालून भुंकल्यासारखा, करवत चालल्यासारखा आवाज येतो. भारतात या जातीची विमाने शेकड्यांनी उडतात, त्यामुळे हा आवाज मराठी प्रवाशांच्या ओळखीचा आहे. तो बिघाडाचा नाही. विमानातल्या दोन हायड्रॉलिक यंत्रणा एकमेकींना मदत करू शकतात की नाही, याची ती चाचणी असते.

ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात एवढ्या मोठ्या विमानाचे एलेव्हेटर किंवा रडर हलवणे माणसाच्या हाताच्या ताकदीचे काम नाही. ते काम दर चौरस इंचाला ३,००० पौंड दाबाखालचे तेल करते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे शंभरपट आहे. ए-३२० मध्ये अशा तीन यंत्रणा असतात. त्यांना हिरवी, निळी आणि पिवळी अशी नावे आहेत. प्रत्येकीची टाकी वेगळी, पंप वेगळा, नळ्या वेगळ्या. हिरवीचा पंप डावे इंजिन चालवते, पिवळीचा उजवे. निळीचा पंप विजेवर चालतो आणि अगदीच वेळ आली तर विमानाच्या पोटाखालून बाहेर येणारा, वाऱ्यावर फिरणारा छोटा पंखा तिला दाब पुरवतो.

खरे कसब आहे ते वाटणीत. रडरला तिन्ही यंत्रणा जोडलेल्या असतात. डाव्या एलेव्हेटरला हिरवी आणि निळी, उजव्याला पिवळी आणि निळी. दोन्ही पंखांवरच्या एलेरॉनना हिरवी आणि निळी. प्रत्येक एलेरॉनला दोन दट्टे असतात. एक काम करतो, दुसरा त्याच्यासोबत नुसता सरकत राहतो. पहिल्याचा दाब गेला की संगणक दुसऱ्याला कामाला लावतो.

आता समजा, डावे इंजिन बंद पडले. हिरवीचा पंप थांबला, पण तिचे तेल टाकीत शाबूत आहे. हिरवी आणि पिवळी यांच्यातल्या दाबाचा फरक ५०० पौंडांच्या वर गेला की या दोघींना जोडणारा, सुरुवातीला भुंकताना ऐकू आलेला जोडपंप आपोआप सुरू होतो. पिवळीच्या दाबावर त्याचा एक भाग फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा भाग हिरवीचे तेल दाबतो. ताकद इकडून तिकडे जाते, पण तेलाचा थेंबही जात नाही. हिरवीत कुठे छिद्र असले, तरी त्यातून पिवळीचे तेल वाहून जाऊ शकत नाही.

पण हिरवीची नळीच फुटली असेल तर? मग कॉकपिटच्या पडद्यावर टाकीतली पातळी उतरल्याचा इशारा येतो आणि पायलटला तोच जोडपंप बंद करायला सांगितले जाते. कारण दाबायला तेलच नसेल तर तो मोकळा सुसाट फिरतो, पिवळीचे तेल तापवतो आणि एका यंत्रणेचे दुखणे दुसरीला लावतो. दाब जाणे आणि तेल जाणे यांतला हा फरक या साऱ्या रचनेचा गाभा आहे, असे मला वाटते. एवढे होऊनही एलेव्हेटर, एलेरॉन आणि रडर तिन्ही चालतात. गमवावे लागते ते दुसरेच काही: पंखांवरचे काही स्पॉयलर, नेहमीचे ब्रेक, आणि चाके खाली सोडणारा दाब. चाके मग हाताने मूठ तीनदा फिरवून स्वतःच्या वजनाने खाली पाडतात. ती पुन्हा आत घेता येत नाहीत, म्हणून पायलट त्यांची वेळ विचारपूर्वक निवडतो. ब्रेक पिवळीवर लागतात.

मात्र तेल वेगळे ठेवले तरी नळ्या एकाच जागेतून नेल्या, तर सारे मुसळ केरात. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-१० विमानाचे तेच झाले. त्यालाही तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटेनियमची चकती, धातू घडवतानाच राहिलेल्या दोषातून वाढत गेलेल्या भेगेमुळे फुटली. त्या इंजिनावरची यंत्रणा जागीच गेली आणि उडालेल्या तुकड्यांनी शेपटीतल्या उरलेल्या दोन्ही यंत्रणांच्या नळ्या कापल्या. तिन्हींचे तेल वाहून गेले आणि दाबाचे काटे शून्यावर आले. असे घडणे जवळपास अशक्य मानलेले असल्यामुळे त्यासाठीची कार्यपद्धतीच लिहिलेली नव्हती. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक पायलट डेनिस फिच यांनी पंखांखालच्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ जणांपैकी ११२ दगावले, १८४ वाचले.

त्यानंतर डीसी-१० मध्ये चौथी यंत्रणा बसवली नाही. तिसऱ्या यंत्रणेच्या शेपटीकडे जाणाऱ्या नळीवर एक झडप बसवली. तेलाची पातळी उतरू लागली की ती मिटते, शेपटीकडची गळती थांबते आणि पंखांवरच्या नियंत्रणासाठी तेल उरते. माझ्या मते या अपघाताला दिलेले हेच सर्वांत नेमके उत्तर होते. २००७ मध्ये सेवेत आलेल्या ए-३८० ने त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. त्यात हायड्रॉलिक यंत्रणा दोनच आहेत. तिसरीच्या जागी विजेवर चालणारे दट्टे आहेत. त्यांतल्या प्रत्येकाचे थोडेसे तेल आणि छोटा पंप त्याच्याजवळच असतो, आणि त्याच्यापर्यंत फक्त तारा जातात.